बाहेर जायचं बटण

डॉक्टरांना दिसत नाही, हे नव्या पेशंटच्या लक्षात यायला बराच वेळ लागायचा. ते दाराशी येऊन हात पुढे करत, पेशंटच्या चालीवरूनच विचारत, "डावा गुडघा ना?" आणि माणूस आधीच गार पडायचा. खरं म्हणजे ते फिजिओथेरपिस्ट होते. पण हाताखालचं दुखणं कमी झालं की लोक आपोआप डॉक्टर म्हणायला लागत, आणि तेच नाव पडून गेलं होतं. सतराव्या वर्षी डोळे गेले. त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की ते म्हणत, "अहो, तुमचा खांदा दुखतोय की माझे डोळे? पालथे झोपा."

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. त्यांची बायको एका वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात नकाशे काढायची. तिचा सगळा दिवस रेषा बघण्यात जायचा आणि त्यांचा, आवाज ऐकण्यात. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी एका गोष्टीची तिला सवय झाली नव्हती. त्यांच्या फोनमधला आवाज स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवायचा, पण इतक्या वेगानं की तिला ते डबीत खडे हलवल्यासारखं वाटायचं. ते मात्र त्याच वेगात बातम्या ऐकत, मेसेजना उत्तरं देत आणि वर तिला म्हणत, "तू काही म्हणालीस का?"

पुस्तकं मात्र ते सावकाश ऐकत. एका कंपनीचं ॲप होतं, पुस्तकं वाचून दाखवणारं. दर महिन्याला वर्गणी कापली जायची आणि हजारो पुस्तकं ऐकायला मिळायची. खरीखुरी माणसं वाचायची. त्यांतली एक बाई डॉक्टरांची फार आवडती होती. ती वाचता वाचता मधेच बारीकशी खोकायची, आणि कंपनीनं तो खोकला काढून टाकला नव्हता. डॉक्टर म्हणत, "हिला आल्याचा चहा पाजायला हवा." मग एके दिवशी कंपनीनं वाचणारी माणसंच काढून टाकली आणि यंत्राचा आवाज बसवला. खोकणारी बाईही गेली.

"यंत्रच ऐकायचं तर माझ्या फोनमधलं फुकट वाचतंच की," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी वर्गणी बंद करायचं ठरवलं.

ॲप उघडलं. बोट सरकवत सरकवत 'वर्गणी रद्द करा' इथपर्यंत ते बिनचूक पोचले. मग फोन थांबला आणि म्हणाला, "चित्र." बोट पुढे सरकवलं. "चित्र." पुन्हा. "चित्र." अशी कितीतरी चित्रं, आणि शेवटी, "पुढे. बटण. बंद आहे."

"अगं, जरा बघ. काय आहे इथं?"

तिनं पाहिलं. वर लिहिलं होतं, 'आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी पूल असलेली सर्व चित्रे निवडा.' खाली लहान लहान चौकटी होत्या. काहींत पूल, काहींत रस्ते, एकात नुसतं आभाळ.

"मी सांगते ना कुठली दाबायची. वरची डावीकडची—"

"थांब." त्यांनी फोन हळूच तिच्या हातातून काढून घेतला. "वर्गणी सुरू केली तेव्हा ही चित्रं होती का?"

"मला काय माहीत? तुम्ही एकट्यानंच केली होती."

"तेच म्हणतोय. एका बोटानं केली होती. तेव्हा मी यंत्र आहे का माणूस, कुणी विचारलं नाही."

त्यांनी कंपनीला ईमेल लिहिलं. मला दिसत नाही, तुमच्या चित्रांमुळे मला वर्गणी बंद करता येत नाही, तरी हे पत्र मिळताच ती बंद करावी. क्षणात उत्तर आलं: 'आपली विनंती मिळाली. आपला क्रमांक अमुक. वर्गणी रद्द करण्यासाठी कृपया ॲप उघडा.' पुढच्या महिन्यात पैसे कापले गेले. त्यांनी दुसरं पाठवलं. पुन्हा क्रमांक, पुन्हा 'कृपया ॲप उघडा'. तिसरं, चौथं. फोन नंबर कुठं नव्हताच. बँकेत जाऊन त्यांनी कार्डावरून होणारी वसुली थांबवली, तर कंपनीकडून थकबाकीची बिलं सुरू झाली, उशिराच्या दंडासकट. बँकेतली मुलगी म्हणाली होतीच, "सर, आमच्याकडून पैसे जाणं थांबेल, पण त्यांच्याकडचं खातं आम्हाला नाही बंद करता येणार."

एका रविवारी बायकोचा धाकटा भाऊ जेवायला आला. तो कॉम्प्युटरच्या धंद्यातला. सगळी हकिगत ऐकून तो हसायलाच लागला.

"दाजी, एवढंच? आणा इकडे तो फोन. दोन मिनिटांचं काम."

"ठेव तो."

"अहो, पूलच दाबायचेत ना?"

"ठेव म्हटलं ना."

मेहुण्यानं ताईकडे बघितलं. ताईनं मान हलवली, म्हणजे वाद घालू नकोस. पण घालायचा तो त्यानं घातलाच. "दाजी, हा नुसता हट्ट आहे. घरात दोन दोन डोळस माणसं बसलीत आणि तुम्ही महिनोन्महिने बिलं ओढवून घेताय."

डॉक्टरांनी ताटातला भाताचा शेवटचा घास संपवला. मग म्हणाले, "बरं. तू नसशील, ही नसेल, तेव्हा मी काय करू? शेजाऱ्याला बोलावू? माझं खातं त्याला दाखवू? आणि ज्याच्या घरात कुणीच नाही, त्यानं काय करायचं? मी आत आलो तो माझ्या पायांनी. मग बाहेर जाताना मला कडेवर घेऊन कुणी का न्यायचं?"

भांडी आवरताना बायको आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमच्या ऑफिसात असा नकाशा कुणी काढला तर साहेब फाडून टाकतील. आत यायला दरवाजा आणि बाहेर पडायला नाही. असली इमारत पासच होत नाही."

डॉक्टर पुसत असलेली थाळी हातात तशीच धरून उभे राहिले. "हे पुन्हा म्हण."

त्याच आठवड्यात त्यांनी ग्राहक मंचात तक्रार करायचं ठरवलं. वकील नको, असं त्यांचं म्हणणं. आखडलेल्या खांद्यासाठी एक आजोबा त्यांच्याकडे यायचे. उभी हयात त्यांनी कोर्टात लघुलेखक म्हणून काढली होती. टेबलावर पालथं पडून, हात मागे ओढला जात असताना, त्यांनी सल्ला दिला.

"मंचात वकील लागतच नाही. आई गं! हळू... स्वतःची तक्रार स्वतः मांडता येते. पण कागद नीट हवा. काय लिहिलंय वाचून दाखवा."

डॉक्टरांनी फोनचा वेग कमी केला आणि तक्रारीचा पहिला मसुदा ऐकवला. त्यात कंपनीला निर्लज्ज, मस्तवाल आणि आणखी बरंच काही म्हटलेलं होतं. शिवाय 'माझ्या ईमेलांकडे कंपनीने कानाडोळा केला. वास्तविक कान आणि डोळा ही दोन्ही इंद्रिये कंपनीकडे आहेत, माझ्याकडे एकच आहे' असंही एक वाक्य होतं.

आजोबा इतके हसले, की खांदा दुखतोय हे विसरले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हे काढा. सगळं काढा. राग आला की वाचणाऱ्याचं लक्ष रागाकडे जातं. नुसतं काय झालं ते लिहा, ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं. कुठल्या तारखेला वर्गणी सुरू, कुठल्या तारखेला पहिलं ईमेल, कुठल्या तारखेला बिल. प्रत्येक ईमेलला पोच आलीय ना? मग काय हवं! पत्र मिळालं नाही असं त्यांना म्हणताच येणार नाही. प्रत्येकाची प्रत जोडा, वर क्रमांक घाला, आणि या प्रती खऱ्या आहेत असं शपथपत्र द्या. शेवटी मागणी. मागणीही स्पष्ट हवी. न्याय द्यावा, एवढ्यावर भागत नाही."

"आणि हे दरवाज्याचं वाक्य? माझ्या बायकोचं आहे."

आजोबांनी ते पुन्हा ऐकलं. "हे राहू द्या," ते म्हणाले. "यात राग नाही. हे दिसतं."

आधी कंपनीला नोटीस गेली, पोचपावतीच्या टपालानं. ठरवून दिलेली मुदत उलटली. कंपनी मूग गिळून बसली. मग डॉक्टर लिहायला बसले. बायको संध्याकाळी ऑफिसातून आली की पुढच्या खोलीतून कळफलकाचा आवाज येत असे, आणि त्यामागून तो खडे हलवल्यासारखा वाचणारा आवाज. ते एक वाक्य लिहीत, ऐकत, पुसत, पुन्हा लिहीत. एकदा ती चहा घेऊन दाराशी आली आणि तशीच उभी राहिली. संपूर्ण खोली अंधारी, कारण त्यांना दिवा लागत नसे. त्या काळोखात हा माणूस एका प्रचंड कंपनीविरुद्ध, जिचं ऑफिस कुठं आहे हेसुद्धा कुणाला नीट माहीत नाही, सरळ ताठ बसून लिहीत होता. तिला एकदम भरून आलं, आणि मग स्वतःचाच राग आला, कारण भरून आलेलं त्यांना मुळीच आवडत नसे. तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, "गार होईल."

शेवटची मागणी त्यांनी अशी लिहिली: कंपनीने माझे खाते बंद करावे, पहिल्या ईमेलनंतर घेतलेले पैसे परत करावेत, थकबाकीची बिले रद्द करावीत, झालेल्या त्रासाबद्दल मंचाला योग्य वाटेल ती भरपाई द्यावी. आणि ज्याला दिसत नाही अशा ग्राहकाला कुणाच्याही मदतीशिवाय वर्गणी बंद करता येईल, अशी सोय करावी.

"शेवटचं मिळेल?" तिनं विचारलं.

"शेवटचंच हवंय," ते म्हणाले. "बाकीचं आजोबांच्या समाधानासाठी."

ग्राहक मंच एका जुन्या सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्याच्या कठड्याला हात लावून डॉक्टर चढले. आवक खिडकीत एक पोक्त कारकून बसले होते. त्यांनी कागद चाळले, प्रती मोजल्या, एक मंचाची, एक सामनेवाल्याची म्हणजे कंपनीची, एक तक्रारदाराची, आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "लिहून कुणी दिलं?"

"मीच लिहिलं."

कारकुनांनी डॉक्टरांचा हात धरला आणि सही कुठं करायची तिथं पट्टी ठेवून दिली. "पट्टीच्या वर करा," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी सही केली, बरोब्बर ओळीत. शिक्का बसला तो आवाज त्यांना फार आवडला. घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "कसा धप्पकन आवाज झाला! इतके महिने ईमेलं पाठवतोय, एकाचाही आवाज झाला नव्हता."

तक्रार दाखल करून घेतली गेली. मंचानं कंपनीला नोटीस काढली, आणि आजवर ताकास तूर न लागू देणारी कंपनी जागी झाली. तिचा लेखी जबाब आला, चांगला जाडजूड. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, करारात लिहिल्याप्रमाणे वाद फक्त कंपनीच्या शहरातच चालेल. दोन, करारानुसार ईमेलनं वर्गणी रद्द होत नाही. त्यासाठी ॲपमध्ये 'सहज, सोपी आणि सर्वांना उपलब्ध' सोय आहे, ती तक्रारदारानं वापरली नाही. तीन, तक्रारदाराच्या घरी दृष्टी असलेल्या व्यक्ती राहत असून त्यांची मदत घेणं तक्रारदाराला सहज शक्य होतं.

तिसरा मुद्दा बायकोनं वाचून दाखवला तेव्हा तिचा आवाज चिरका झाला. "ह्यांना काय माहीत आपल्या घरी कोण असतं?"

"मीच लिहिलंय तक्रारीत. तुझं वाक्य घातलं ना, दरवाज्याचं."

तिनं कपाळावर हात मारला. डॉक्टर हसायला लागले आणि हसतच राहिले.

सुनावणीच्या दिवशी ती रजा घेऊन बरोबर गेली. तिला वाटलं होतं, कोर्ट म्हणजे मोठं दालन असेल, उंच खुर्च्या असतील. प्रत्यक्षात ती शाळेच्या वर्गाएवढी खोली होती. वर पंखा, भिंतीला एक लांब फळी, त्यावर बांधलेले गठ्ठे. पुढच्या टेबलामागे मंचाच्या अध्यक्षा बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या, सर्दी झालेल्या, हातात रुमाल. शेजारी एक सदस्य. बाकांवर माणसं आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. कुणाचा फ्रीज बिघडलेला, कुणाचं विमानाचं तिकीट बुडालेलं. एका म्हाताऱ्या बाईनं पिशवीत चक्क मिक्सर आणला होता.

बायकोला वाटलं, एवढीशीच खोली. पण मग पुकारा झाला, आणि कंपनीची वकील पुढे येऊन उभी राहिली. काळा कोट, हातात फाइल, तरुण पोरगी. पहाटेच्या विमानानं आलेली असावी; डोळे लाल होते. ज्यांच्यापर्यंत फोनसुद्धा पोचत नव्हता, ते आज स्वतः इथं आले होते. या पंख्याखाली, या मिक्सरच्या शेजारी. कारण तिच्या नवऱ्यानं अंधाऱ्या खोलीत बसून एक पत्र लिहिलं होतं.

वकिलीणबाईंनी पहिला मुद्दा मांडला. अध्यक्षांनी रुमालातून नाक पुसत म्हटलं, "ग्राहक जिथं राहतो तिथं त्याला तक्रार करता येते. कायद्यानं दिलेला हक्क तुमच्या करारातल्या कलमानं जात नाही. पुढे."

"ॲपमध्ये सहज सोय उपलब्ध आहे, मॅडम. केवळ काही क्षणांचं काम. तक्रारदारांनी ते पूर्णच केलं नाही."

"तक्रारदार, काय म्हणणं आहे?"

डॉक्टर उठले. "मॅडम, माझं खातं अजून चालूच आहे, कंपनीच्या कृपेनं. परवानगी असेल तर मी आत्ता इथं बंद करून दाखवतो. म्हणजे प्रयत्न करतो."

अध्यक्षांनी वकिलीणबाईंकडे पाहिलं. "हरकत?"

"नाही, मॅडम." तिला वाटलं असणार, होऊनच गेलं तर बरं.

डॉक्टर टेबलाशी गेले. फोन ठेवला, आवाज मोठा केला आणि वेग कमी, अगदी कमी केला, सगळ्यांना कळावा असा. इतक्या वर्षांत बायकोनं तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. खडे नव्हतेच ते. शब्द होते, एकेक सुटा.

"वर्गणी. बटण." बोट सरकलं. "वर्गणी रद्द करा. बटण." त्यांनी दोनदा टिचकी मारली. "चित्र."

बोट सरकलं. "चित्र."

"चित्र."

खोलीत मागं कुणी तरी बोलत होतं, ते थांबलं.

"चित्र. चित्र. चित्र." पंख्याचा आवाज येत होता तेवढाच. "पुढे. बटण. बंद आहे." डॉक्टरांनी बोट उलटं नेलं. पुन्हा तीच चित्रं, एकामागून एक, एकसारखी, प्रत्येकाचं नाव तेच. शेवटी फोन म्हणाला, "वेळ संपली. कृपया पुन्हा सुरुवात करा."

डॉक्टर भाषण करतील असं बायकोला वाटलं होतं, आणि भीतीही वाटली होती. ते नुसते उभे राहिले.

"जरा इकडे द्या," अध्यक्षा म्हणाल्या.

त्यांनी फोन हातात घेतला. स्क्रीनकडे बघितलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. सगळी खोली बघत होती. पांढऱ्या केसांची ती बाई डोळे मिटून बसली आणि तिचं बोट चाचपडत काचेवरून फिरायला लागलं. "चित्र," फोन म्हणाला. "चित्र. चित्र." एकदा बोट चुकून भलतीकडे गेलं आणि फोन म्हणाला, "आमच्यासोबत राहा. बटण." कुणीतरी हसलं, लगेच गप्प झालं. अध्यक्षांनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा वेळ संपली. त्या तशाच बसून राहिल्या, डोळे मिटून, क्षणभर जास्तच. मिक्सरवाल्या म्हाताऱ्या बाईनंही डोळे मिटले होते. बायकोनं पाहिलं, बाकावर आणखी कितीतरी जणांनी मिटले होते.

मग तिनंही मिटले. आणि इतकी वर्षं ज्याच्या शेजारी ती झोपली, जेवली, भांडली, तो माणूस रोज कुठं राहतो ते तिला, थोडंसं का होईना, कळलं. तो अंधार नव्हताच. माणसांचे श्वास होते, पंख्याची कुरकुर होती, खिडकीबाहेर कुणी सायकलची घंटी वाजवली ती डावीकडून उजवीकडे गेली. सगळं भरलेलं होतं. फक्त त्या एका ठिकाणी कुणीतरी मुद्दाम भिंत घातली होती.

अध्यक्षांनी चष्मा चढवला. "वकीलसाहेब, तुम्हीही बघता का करून?"

वकिलीणबाई पुढे आल्या. नाही म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फोन घेतला, डोळे मिटले, केलं. फोन परत ठेवताना त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सॉरी, सर." हे फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. मग अध्यक्षांकडे वळून, "मॅडम, मला अशिलाकडून सूचना घ्यायच्यात. तारीख मिळावी."

"मिळेल. एकच. आणि तिसरा मुद्दा, घरच्यांच्या मदतीचा. तो तुम्ही मांडणार आहात?"

"नाही, मॅडम. तो मी मांडत नाही."

"बरं." अध्यक्षांनी तक्रारीचं पान उलटलं. "हे वाक्य, आत यायला दरवाजा आणि बाहेर पडायला नाही. हे कुणाचं?"

"माझ्या मिसेसचं," डॉक्टर म्हणाले आणि अचूक तिच्या दिशेनं मान वळवली. बायको उभी राहिली. काय करावं न सुचून तिनं नमस्कार केला, आणि अध्यक्षांनी रुमाल धरलेल्या हातानं तिला नमस्कार केला.

पुढच्या तारखेला कंपनीनं खातं बंद करायची आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. एवढ्यावर तक्रार मिटवावी, असं म्हटलं. "आणि बाकीच्या लोकांचं?" डॉक्टरांनी विचारलं. वकिलीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल मला सूचना नाहीत. डॉक्टरांनी तडजोड नाकारली. मेहुण्यानं त्या दिवशी फोनवर डोकंच आपटून घेतलं: "दाजी, सगळं मिळत होतं!"

निकालाला वेळ लागला. लागतोच. निकालाच्या दिवशी प्रथेप्रमाणे शेवटचा आदेशाचा भाग तेवढा वाचायचा असतो, मग प्रत मिळते. अध्यक्षांची सर्दी बरी झाली होती. त्यांनी कागद उचलला आणि म्हणाल्या, "तक्रारदारांना छापील प्रत वाचता येणार नाही. म्हणून मी पूर्ण वाचते." सदस्यांनी घड्याळाकडे बघितलं, त्या वाचत राहिल्या. पहिल्या पानापासून. तक्रारदार कोण, सामनेवाला कोण, काय घडलं. डॉक्टरांनी लिहिलेल्या क्रमानंच सगळं घडत गेलं. डॉक्टर मान किंचित तिरकी करून ऐकत होते, पूर्वी खोकणाऱ्या बाईला ऐकायचे तसे. ईमेलची पोच देऊनही दखल न घेणं ही सेवेतली त्रुटी आहे. सुरू करणं सोपं आणि बंद करणं अशक्य ठेवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकानं दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहावं, अशी अपेक्षा सामनेवाल्याला करता येणार नाही. पैसे परत, बिलं रद्द, भरपाई; आणि ठरावीक मुदतीत, दृष्टिहीन ग्राहकांना स्वतःहून वर्गणी रद्द करता येईल अशी व्यवस्था करून तिचा अहवाल मंचापुढे ठेवावा.

वाचून झालं. जिना उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, "सगळं वाचलं तिनं."

"हो."

"सगळं," ते पुन्हा म्हणाले, आणि तिचा दंड जरा घट्ट धरला. एरवी ते नुसता कोपराला स्पर्श ठेवत.

कंपनी अपिलात जाईल असं लघुलेखक आजोबांना वाटत होतं. गेली नाही. निकालाची बातमी दृष्टिहीनांच्या एका मंडळाच्या पत्रकात छापून आली, तिथून ती कुठं कुठं गेली. डॉक्टर आपल्या गुडघ्यांत आणि खांद्यांत पुन्हा बुडून गेले. कंपनीचा अहवाल मंचात पोचल्याचं कारकुनांनी फोन करून कळवलं. तसं कळवायची काही गरज नव्हती.

मग एका दुपारी, पेशंट नव्हते तेव्हा, अनोळखी नंबरावरून फोन आला. बायको त्या दिवशी घरी होती. डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवून तिलाही ऐकू येईल असा केला.

"तुम्ही ते पुस्तकांच्या ॲपवाले डॉक्टर ना?" एका बाईचा आवाज होता, वयस्कर. "मंडळाकडून तुमचा नंबर मिळाला. मला दिसत नाही. मी एकटी राहते. दोन वर्षं मला ते बंद करता येत नव्हतं. कुणाला सांगायची लाज वाटायची हो. आता ऐकाल का जरा? मी दुसरा फोन जवळ धरते."

खुडबुड झाली. आणि मग लांबून, खड्यांसारखा, भरभर एक आवाज आला. बायकोला काही कळलं नाही, पण डॉक्टर खुर्चीत पुढे वाकले. शेवटचे शब्द तिनं कान देऊन पकडले: "रद्द करा. बटण." टिचकीचा आवाज. "आपली वर्गणी बंद झाली आहे."



"ऐकलंत?" बाई म्हणाली.

"ऐकलं," डॉक्टर म्हणाले. "मग आता पुस्तकं कशी ऐकणार तुम्ही?"

"म्हणजे काय? त्याच ॲपवर. उद्या परत सुरू करणार. पुस्तकं चांगली आहेत हो त्यांची."

डॉक्टरांना हसू आवरेना. पलीकडे तीही हसत होती. बायको दाराला टेकून उभी राहिली, आणि दोन न दिसणारी माणसं एकमेकांना न बघता हसताना ऐकत राहिली.